पट्ट्यांपलीकडे ब्रेक

गाडी विकायची हे मी ठरवलं, तेव्हा घरात कुणी वाद घातला नाही, आणि तिथेच मला संशय यायला हवा होता. आमच्या घरात चहात साखर किती घालायची यावरही दोन पक्ष पडतात. मी म्हणालो, सावर्ड्याचा आत्माराम सोमवारी गाडी न्यायला येतोय. आई गप्प. फक्त माझ्या बायकोने, संध्याने, हातातलं सोडे पाखडायचं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "बरा. पन त्याच्या आदी एक डाव माज्या मागं बसून देवरूखला चला."

"कशाला?"

"पाऊस लागलेला असताना चला. मंग तुमी म्हनाल तसा. ईका म्हनालात तर ईकू."

ही अट साधी वाटली तरी साधी नव्हती. आमचा धंदा सुक्या मासळीचा. जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात, ताजं काही मिळत नाही, त्यामुळे नेमक्या पावसाळ्यातच सुकी कोळंबी म्हणजे सोडे, बारीक सुका जवळा म्हणजे गोलमा, सुके बोंबील, यांना मागणी. माझी आई धोंडूबाई चाळीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन एसटीने देवरूखला गेली. तिच्यामागून मी मोटरसायकल घेतली आणि बाजार सोडून वरच्या वाड्यांपर्यंत जायला लागलो. मागच्या पावसाळ्यात बावनदीच्या पुलाआधी मी पडलो. ऑपरेशन करून उजव्या पायात स्टीलची दांडी घातली. तेव्हापासून मी किक मारलेली नाही. हिवाळ्यात संध्या गाडी शिकली आणि उन्हाळाभर तिने माझी गिऱ्हाइकं सांभाळली. पण उन्हाळ्यात तर कुणीही चालवतं. पावसात तिला जाऊ द्यायचं की नाही, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर म्हणून मी आत्मारामला फोन केला होता. गाडी गेली की तिचा धंदाही गेला. एसटीने एक पाटी बाजारापर्यंत जाते, वाड्यांवर जात नाही.

माझं म्हणणं एवढंच होतं, की तू कितीही नीट चालव, समोरचा आंधळा असला तर काय करशील? मला डंपरने कट मारला होता. माझी काही चूक नव्हती, तरी वर्ष झालं मी लंगडतोय. हे मी आईला सांगितलं होतं, शेजाऱ्यांना सांगितलं होतं, भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं होतं. इतक्या वेळा सांगितलं, की त्या डंपरचा रंगसुद्धा मला पाठ झाला होता.

तर शनिवारी सकाळी आठ वाजता पाऊस असा लागला, की समोरच्या घराचं छप्पर दिसेना. मला वाटलं, आज ही मागे घेईल. बाहेर आलो तर संध्या गाडीच्या चाकाशी बसून हवा बघत होती.

"टायर नवीन हायत ना?" मी विचारलं.

"मागचा बदललाय. पुडच्याची नक्षी हाय अजून." तिने खाचेत नख घालून दाखवलं. पाणी बाहेर जायला जागा हवी म्हणून नक्षी असते, हे तिला ठाऊक होतं. मी दहा वर्षं गाडी चालवून ते फक्त टायरवाल्याकडून ऐकलं होतं, आणि तो टायर खपवतोय असं धरून चाललो होतो.

मालाकडे पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. गाडीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, त्यांत घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे. वर काहीही नाही. आणि माझा रेनकोट, मेहुण्याने मुंबईहून आणलेला चांगला जाड रेनकोट, तो तिने स्वतः घातला होता.

"आगो, मालावर काय?"

"झाकान हाय."

"झाकनातून पानी जाईल!"

"बादलीत बुडवून बगितलाय डबा. नाय जात."

आमच्यात रेनकोट मालाला घालायची पद्धत आहे. हसू नका. आईनेच लावलेली. तिचं म्हणणं, तू भिजलास तर पुसून घेशील, गोलमा भिजला तर कोण घेईल? म्हणून मी कायम रेनकोट क्रेटवर बांधायचो आणि स्वतः काळ्या प्लास्टिकची खोळ डोक्यावरून घ्यायचो, भात लावायला जाताना घेतात तशी. मी एकटाच नव्हे, मासळीवाले कितीतरी जण हेच करतात. आज आई ओसरीवर उभी होती आणि ती काही बोलली नाही.

संध्याच्या रेनकोटाची विजार खाली घोट्याशी रबराने बांधलेली होती, चेनीत जाऊ नये म्हणून. पायात पट्ट्याचे रबरी बूट. गमबूट का नाही, असं मी विचारलं, तर म्हणाली, "त्यात गिअरचा दांडा कळत नाय पायाला." मग तिने माझ्यासाठी आत जाऊन एक पोपटी जाकीट आणलं, चमकत्या पट्ट्यांचं, रस्त्याच्या कामावर असतं तसं.

"ह्या घाला वरून."

"मी काय खडी टाकायला चाललंय?"

"मागनं येनाऱ्याला तुमी दिसनार, मी नाय. तुमी पाठीमागं हात ना?"

घातलं. शेजारचा गंगाराम, एसटीवर ड्रायव्हर आहे, तो खिडकीतून बघत होता. त्याने मला सलाम ठोकला. मी त्याला जे म्हणालो ते इथे लिहीत नाही.

निघण्याआधी तिने गाडी चालू केली, हेडलाइट खाली पाडला, मागे येऊन लाल दिवा पुसला आणि ब्रेक दाबायला लावून तो भडक पेटतो का ते पाहिलं. हेल्मेटच्या काचेला आतून साबणाचं बोट फिरवून कोरड्या फडक्याने पुसलं. वाफ धरत नाही म्हणे. मी माझी जुनी काळी काच घालणार होतो, ती तिने काढून घेतली आणि पारदर्शक दिली. पावसात काळ्या काचेतून गाडी चालवणं म्हणजे काय ते मला माहीत होतं, पण ती काळी काच मला शोभायची.

गावातून बाहेर पडेपर्यंत मी दहा वेळा बोललो असेन. इकडून घे, तिकडून घे, खड्डा आहे, गाय आहे. साळवी स्टॉपच्या चढावर तिने तिसरा गिअर घातला आणि तसाच ठेवला. मी म्हणालो, चौथा टाक. ती म्हणाली, "नको. रेस सोडली की हितच गाडी हळू होते. चौथ्यात नुसती धावत सुटते." हे खरं होतं. तिसऱ्यात रेस थोडी सोडली की इंजिन आपणच गाडीला मागे धरतं, ब्रेकला हात लावावा लागत नाही. मीही हे जाणत होतो, फक्त पावसात कधी केलं नव्हतं. मला पोचायची घाई असायची.

हातखंब्याच्या पुढे हायवेला लागलो आणि पाऊस वाढला. आता खरं सांगतो, मला भीती वाटायला लागली. पायातली दांडी थंडीने ठणकत होती. दोन्ही हातांनी मी तिच्या रेनकोटाचा कमरेजवळचा भाग धरला होता, बाजारात आईचा पदर धरतात तसा. समोर एक ट्रक, त्याच्या चाकांतून उडणारं गढूळ पाणी थेट आमच्या तोंडावर. मला वाटलं ही आता ओव्हरटेक मारेल. मी असतो तर मारला असता. तिने उलट रेस सोडली आणि ट्रकला पुढे जाऊ दिलं, इतकं पुढे, की मध्ये एक एसटी मावली असती. पाणी उडणं थांबलं. रस्ता दिसायला लागला. ट्रकच्या चाकांनी पाणी बाजूला सारून दोन काळ्या रेघा मागे सोडल्या होत्या, त्यातल्या उजव्या रेघेवरून ती चालली. मधल्या पट्ट्यात, जिथे गाड्यांचं तेल ठिबकतं, तिथे ती एकदाही गेली नाही.

"काच जरा उगडा," ती मागे न बघता म्हणाली. "बोटभर. वाफ जाईल."

उघडली. वाफ गेली, पाणी आत आलं. पण दिसत होतं.

पुढे रस्त्याचं काम होतं. डांबरावरून गाडी लाल मातीच्या वळणावर काढावी लागते, आणि पावसात ती माती म्हणजे नुसतं लोणी. तिने लांबूनच दुसरा घातला, मातीवर यायच्या आधी. क्लच सोडताना गाडीला जराही हिसका बसला नाही. मातीवर आल्यावर ना गिअर बदलला, ना ब्रेक दाबला, ना रेस वाढवली. मागचं चाक एकदा सरकलं. माझ्या तोंडून आईचं नाव निघालं. तिने हँडल घट्ट धरलं नाही, रेस तशीच बारीक ठेवली आणि चाक आपलं आपण सरळ झालं. एका ठिकाणी डबकं होतं, किती खोल ते कळत नव्हतं. पुढची रिक्षा त्यातून जाईपर्यंत ती थांबली, रिक्षाचं चाक किती बुडतं ते बघितलं, आणि मग कडेने काढली. बाहेर डांबरावर आल्यावर थोडा वेळ दोन्ही ब्रेक हलकेच धरून ठेवले.

"आता काय झाला?"

"भिजलेत. वाळवतंय."

मी दहा वेळा बोलणारा, आता बोलायचा थांबलो होतो. मागे बसून दुसऱ्याची चूक शोधायला निघालेला माणूस चूक सापडत नाही म्हणून किती खट्टू होतो, ते मला त्या दिवशी कळलं. मला तिची एक चूक हवी होती. एक हिसका, एक घसरण, म्हणजे मग मी घरी जाऊन म्हणू शकलो असतो, बघितलंस ना आई?

निवळीचा घाट उतरताना तिने दुसरा ठेवला. इंजिन घुं घुं करत गाडीला धरून होतं. कातळावरून आलेलं पाणी वळणावळणावर रस्ता ओलांडत होतं. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात काही नाही, वळण सरल्यावर हळूच रेस. डोकं पुढे, नजर वळणाच्या पलीकडे. मागून एक टेम्पो आला, त्याने लांबूनच दिवे खाली केले आणि आमच्यापासून दूर राहून उतरला. मी मागे वळून पाहिलं. माझ्या पोपटी जाकिटाच्या पट्ट्या त्याच्या उजेडात चमकत असणार. मागच्या वर्षी असाच एक टेम्पो माझ्या मागे आला होता. तो विचार मी लगेच झटकला.

घाट संपला. पूल जवळ आला. मला तो रस्ता वर्षभर झोपेत दिसत होता, आता तो डोळ्यांसमोर होता. पुलाआधी गाड्यांनी वेग कमी करावा म्हणून डांबरावर आडवे पांढरे पट्टे मारलेत, जाड, एकामागून एक सात. मोजलेत मी, आडवा पडून.

आणि नेमकं तेव्हाच, पट्ट्यांच्या पलीकडे, पुढे चाललेल्या एसटीचे लाल दिवे भडकले. कुणीतरी हात केला असेल. एसटी थांबली.

"ब्रेक मार!" मी ओरडलो. "संध्ये, ब्रेक मार!" आणि तिचे दोन्ही खांदे धरले.

तिने ब्रेक मारला नाही. रेस ती आधीच सोडत आली होती, पट्ट्यांच्या अलीकडेच तिने वेग पार उतरवला होता, हे मला तेव्हा कळलंच नाही. गाडी सरळ, अंग सरळ, हँडल सरळ. पहिला पट्टा टक् करून चाकाखालून गेला. दुसरा. तिसरा. माझा उजवा पाय पायरी अशी दाबत होता, की दांडी मोडेल असं वाटलं. तिथे ब्रेक नव्हताच, पण पायाला कोण सांगणार? एसटीचा मागचा पत्रा मोठा मोठा होत होता. सहावा. सातवा. शेवटचा पट्टा मागच्या चाकाखालून गेला, आणि मग उघड्या डांबरावर तिने दोन बोटांनी पुढचा आणि पायाने मागचा ब्रेक एकदम, पण हळूहळू दाबत नेला, लिंबू पिळतात तसा. गाडी खाली बसली आणि थांबली. एसटीच्या आणि आमच्या मध्ये एक बैलगाडी उभी राहिली असती.

एसटी निघाली. तीही निघाली, पूल ओलांडला आणि वांद्रीत चहाच्या टपरीशी गाडी लावली. मी उतरलो आणि हेल्मेट काढून सीटवर आपटलं. रागाने की भीतीने ते मला सांगता येणार नाही. दोन्ही असेल.

"ब्रेक का नाय मारलास?" मी म्हणालो. "मी बोंबलत होतंय ना!"

तिने हेल्मेट काढलं. केस ओले नव्हते.

"पट्ट्यावर?"

"मंग कुटं?"

"पट्ट्यावर ब्रेक मारू नको, असा तुमीच सांगितलांत."

"मी? कदी?"

तिने दोन चहा सांगितले. टपरीच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता, की तिला जवळ येऊन बोलावं लागलं.

"ऑपरेशन झाल्यावर. गुंगीत होतात. सारका एकच. पट्ट्यावर ब्रेक मारला गो संध्या, पुडचा मारला, पट्ट्यावर. खोळ तोंडावर आली, मागनं हॉर्न मारलान, आनी मी घाबरून दाबला. धा येळा, ईस येळा. मी हात धरून बसली होती, सगला आयकला मी."

मी चहाचा ग्लास न पिताच खाली ठेवला.

"मंग डंपर?" मी विचारलं.

"डंपर तुमी सुद्दीवर आल्यावर आला."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी उलट बोललो असतो. लाज वाटली मला. इतकी, की टपरीवाल्याने बिस्कीट विचारलं तर त्यालाही मान वर करून नको म्हणता येईना. खरं असं होतं, की रेनकोट मी क्रेटवर टाकला होता, आणि तो मागे लोंबून लाल दिव्यावर आला होता. अंगावर काळी खोळ. त्या टेम्पोवाल्याला मी दिसलो तो अगदी जवळ आल्यावर, आणि त्याने बिचाऱ्याने हॉर्न मारला. मी दचकलो, वारा आला, खोळ काचेवर चिकटली, आणि काही दिसेना म्हणून मी मूठभर ब्रेक आवळला. पांढऱ्या रंगावर. पुढचं चाक असं गेलं, जसं खाली काही नव्हतंच. टेम्पोवाला थांबला, त्यानेच मला उचलून दवाखान्यात नेलं. त्या माणसाचा मी डंपर केला.

"आयला ठाव हाय?"

"तेंच्यासमोरच बोलत होतात."

म्हणून आई ओसरीवर गप्प उभी होती. म्हणून चाळीस वर्षांची रेनकोटाची पद्धत तिने एका सकाळी मुकाट्याने मोडू दिली. दोघींनी वर्षभर माझा डंपर माझ्यासमोर ऐकला होता आणि आलेल्या पाहुण्यांना चहा दिला होता.

"बोलली का नाहीस मंग?"

"बोलून काय होनार? पाय तर तुमचाच मोडला होता ना?" तिने चहाचा घोट घेतला. "मी गंगारामभावोजींना इच्यारला, पट्टा का घसरतो. ते म्हनाले, डांबर खरबरीत असता, रंग गुळगुळीत. वर पानी आला की टायरला धरायला काय ऱ्हात नाय. त्याच्यावर सरल जायचा, काय करायचा नाय. जा काय करायचा ता आदी नायतर नंतर. मंग मी शिकली. सगला तुमच्या त्या बोलन्यावरनं शिकली. तुमी म्हनता, समोरचा आंधला असला तर काय करशील. पन तुमाला कुनी आंधल्यानं पाडला न्हवता."

माझा फोन वाजला. प्लास्टिकच्या पिशवीतून काढून बघितला. आत्माराम.

"रूपेश," तो म्हणाला, "सोमवारी येतोय. पण आमच्या घरातले म्हणतात, पडलेली गाडी कशाला घेतोस? मला खरं सांग, गाडीत काही खोट नाही ना? तो डंपर घासला तेव्हा काही वाकलं-बिकलं नाही ना?"

संध्या दुसरीकडे बघत होती. पावसाचं पाणी पन्हळीतून तिच्या बुटांपाशी पडत होतं आणि ती पाय हलवत नव्हती.

"डंपर नव्हता," मी म्हणालो.

"काय?"

"डंपर नव्हताच, आत्माराम. मी पांढऱ्या पट्ट्यावर पुढचा ब्रेक मारला. गाडीची काही खोट नाही."

मग तो म्हणाला, "म्हणजे गाडी चांगली आहे?"

"एकदम चांगली."

"मग विकतोस कशाला?"

"तेच सांगायला उचलला फोन," मी म्हणालो. "नाय विकत."

फोन पिशवीत घातला. संध्याने ग्लास टपरीवाल्याला दिला, डब्यांची झाकणं चाचपली, मागे जाऊन लाल दिवा हाताने पुसला. मग हेल्मेट घालताना थांबली आणि किल्ली माझ्यापुढे धरली.

"हितनं पुडं चालवता?"

मी त्या किल्लीकडे पाहिलं. पायरी दाबून दाबून अजून ठणकणाऱ्या पायाकडे पाहिलं.

"आज नको," मी म्हणालो. "आज मी बगतंय."

मी पोपटी जाकिटाची चेन वरपर्यंत ओढली आणि तिच्या मागे बसलो. या वेळी तिचा रेनकोट धरला नाही. हात मांड्यांवर ठेवले.